एकनाड आणि षडाष्टक: नाही म्हणण्याआधी हा क्रम पाळा

नाशिकमध्ये मी नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलामुलींच्या पत्रिका बरीच वर्षं पाहतो आहे. बहुतेक वेळा निरोप असा येतो: "बायोडाटा छान आहे, पण एकनाड येतेय, शिवाय षडाष्टक. नाही कळवून टाकू ना?" मी जन्मवेळ विचारतो. मग पलीकडून कळतं की नक्षत्र मोबाइलवरून काढलं, किंवा बायोडाट्यावर होतं तेच धरलं. ते नक्षत्र बरोबर आहे का, हे कुणीच पाहिलेलं नसतं.

एकनाड हा नाडीचा दोष आणि षडाष्टक हा भकूटाचा. नाडी आणि भकूट (आपल्याकडे काही जण याला राशीकूट म्हणतात) हे दोन्ही दोष फक्त चंद्रावरून ठरतात. चंद्र कोणत्या नक्षत्रात, कोणत्या चरणात, कोणत्या राशीत, एवढाच तो प्रश्न आहे. तिथे चूक झाली की पुढचं सगळं चुकतं. शिवाय हे दोन दोष एकमेकांना बांधलेले आहेत. भकूटाचा परिहार, म्हणजे दोष न धरण्याची सवलत, नाडी शुद्ध असेल तरच धरतात, म्हणून आधी नाडी आणि मग भकूट. लोक नेमकं उलटं करतात.

## 1. तयारी: काय हातात हवं

दोघांची जन्मतारीख, जन्मवेळ आणि गाव. वेळ कुठून आली हेही विचारा. जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा बाळंतपणाच्या कागदावर ती सापडते. "संध्याकाळी दिवे लागले होते" अशी आठवण असेल तर तीही लिहा, पण तिच्यापुढे "अंदाजे" असं लिहून ठेवा. ती नोंद पुढे उपयोगी पडते.

त्या जन्मवर्षाचं पंचांग मिळवा किंवा खात्रीच्या सॉफ्टवेअरवरून चंद्राचे अंश काढा. दोघांसाठी एकच पद्धत हवी. महाराष्ट्रात बहुतेक पंचांगं चित्रापक्षाची आहेत, टिळक पंचांग मात्र रैवतपक्ष धरतं आणि या दोघांत जवळपास 4 अंशांचा फरक पडतो. एक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं असतं. त्यामुळे एकाचं नक्षत्र एका पंचांगातून आणि दुसऱ्याचं दुसऱ्यातून घेतलं, तर दोन वेगळ्या मापांच्या फुटपट्ट्यांनी मोजल्यासारखं होतं. सॉफ्टवेअरमध्ये हीच निवड "अयनांश" या नावाखाली असते. तिथे लाहिरी म्हणजे चित्रापक्ष.

खबरदारी: एकाचं जन्मनक्षत्र आणि दुसऱ्याचं नावावरून काढलेलं नक्षत्र असा मेळ कधीच घालू नका. घ्यायचं तर दोघांचं जन्मनक्षत्र, आणि एकाची वेळ कळतच नसेल तर दोघांचंही नावावरून. शास्त्रात हे स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि व्यवहारात सगळ्यांत जास्त मोडला जाणारा नियमही हाच आहे.

## 2. नक्षत्र आणि चरण नक्की करा

सगळ्यांत जास्त वेळ याच टप्प्याला द्या. पंचांगात त्या दिवसासमोर जे नक्षत्र छापलेलं असतं ते सूर्योदयाच्या वेळचं असतं, आणि शेजारी ते किती वाजता संपतं ते दिलेलं असतं. मूल त्या वेळेनंतर जन्मलं असेल तर त्याचं नक्षत्र पुढचं. संध्याकाळी आणि रात्री जन्मलेल्यांच्या बाबतीत ही चूक घराघरांत आढळते, कारण आजोबांनी पंचांग उघडलं, समोरचं नाव वाचलं आणि वहीत लिहिलं.

मध्यरात्रीनंतरचा जन्म आणखी फसवतो. पहाटे 2 वाजता जन्मलेल्या मुलाची इंग्रजी तारीख बदललेली असते, पण पंचांगाचा दिवस सूर्योदयापर्यंत आदलाच चालतो. अशा वेळी आदल्या दिवसाची ओळ पाहायची. काही पंचांगांत रात्री 2 च्या जागी 26 छापलेलं असतं, त्याचा अर्थ हाच.

गावाची काळजी इथे फारशी करू नका. नक्षत्र संपण्याची वेळ भारतीय प्रमाणवेळेत दिलेली असते आणि ती नाशिकला, नागपूरला सारखीच लागू होते. गावामुळे बदलतं ते लग्न, म्हणजे पत्रिकेचं पहिलं घर. नाडी-भकूटाला त्याचा संबंध नाही. परदेशातला जन्म असेल तर मात्र तिथली वेळ आधी भारतीय वेळेत आणा. मस्कतला जन्मलेल्या मुलीच्या वेळेत दीड तास मिळवावा लागतो.

नक्षत्र सरासरी दिवसाच्या थोडं वर चालतं आणि त्याचे 4 चरण असतात. म्हणजे एक चरण साधारण 6 तासांचा. तुमची जन्मवेळ नक्षत्र बदलण्याच्या क्षणापासून तासाभराहून जास्त लांब असेल तर निर्धास्त राहा. त्याहून जवळ असेल आणि वेळ "अंदाजे" असेल, तर दोन्ही शक्यता मांडून पुढे चला आणि समोरच्यांना तसं सांगा.

तपासणी: नऊ नक्षत्रं दोन राशींत विभागलेली आहेत: कृत्तिका, मृग, पुनर्वसु, उत्तरा, चित्रा, विशाखा, उत्तराषाढा, धनिष्ठा आणि पूर्वाभाद्रपदा. यांतलं एखादं आलं तर नुसतं नक्षत्र पुरत नाही, चरण हवाच. उत्तराषाढाचा पहिला चरण धनु राशीत आहे आणि उरलेले तीन मकरेत. कृत्तिकेचा पहिला मेषेत, उरलेले वृषभेत.

## 3. आधी नाडी

27 नक्षत्रं क्रमाने मांडली तर नाड्या नागमोडी जातात: आद्य, मध्य, अंत्य, मग अंत्य, मध्य, आद्य, आणि पुन्हा पहिल्यापासून. कोष्टक नसेल तर बोटांवर काढता येतं. नक्षत्राच्या अश्विनीपासून मोजलेल्या क्रमांकाला 6 ने भागा. बाकी 1 किंवा 0 आली तर आद्य, 2 किंवा 5 आली तर मध्य, 3 किंवा 4 आली तर अंत्य. पुष्य आठवं, बाकी 2, म्हणून मध्य. रेवती सत्ताविसावी, बाकी 3, म्हणून अंत्य.

दोघांची नाडी वेगळी असेल तर पूर्ण 8 गुण. एकच असेल तर शून्य. मधलं काही नाही. 36 गुणांत सगळ्यांत मोठा वाटा नाडीचा आहे, म्हणून एकनाड आली की बेरीज एकदम खाली जाते.

एकनाड दिसली की लगेच नकार कळवू नका. तीन ठिकाणी परंपरा स्वतःच दोष मानत नाही, आणि मोबाइलवरचं कोष्टक बऱ्याचदा ते न पाहता शून्य दाखवतं.

पहिलं, रास एक पण नक्षत्रं वेगळी. मुलगा कन्या राशीचा उत्तरा नक्षत्रावरचा, मुलगी कन्येचीच हस्त नक्षत्रावरची. दोघांची आद्य नाडी, तरी दोष नाही. वृषभेतली कृत्तिका आणि रोहिणी, मिथुनेतली आर्द्रा आणि पुनर्वसु, तुळेतली स्वाती आणि विशाखा यांचंही तसंच.

दुसरं, नक्षत्र एक पण राशी वेगळ्या. एकाचा मृगाचा दुसरा चरण, म्हणजे वृषभ, आणि दुसऱ्याचा तिसरा, म्हणजे मिथुन.

तिसरं, नक्षत्रही एक आणि रासही एक, पण चरण वेगळे. हेही चालतं. नक्षत्र, रास, चरण सगळं एक असेल तर मात्र ते गंभीर धरतात.

या तिन्हींत न बसणारी एकनाड, म्हणजे राशीही वेगळ्या आणि नक्षत्रंही वेगळी, उदाहरणार्थ मेषेची अश्विनी आणि धनूचं मूळ, ही खरी एकनाड. जुन्या पद्धतीने पाहणारे गुरुजी इथे नको म्हणतात आणि त्यांच्या पद्धतीने ते बरोबर असतं.

नेहमीची चूक: "राशींचे स्वामी मित्र आहेत, म्हणून एकनाड चालेल." स्वामींची मैत्री हा भकूटाचा परिहार आहे. काही जण तो नाडीलाही लावतात, मी लावत नाही. एकाचा उतारा दुसऱ्याला चालवायचा ठरवलं तर कोणताच दोष कधी उरणार नाही, मग पत्रिका पाहायचीच कशाला?

दुसरी चूक: नाडी म्हणजे रक्तगट, हा समज. कित्येक घरांत "दोघांचा ओ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे एकनाड" असं ऐकलं आहे. चंद्राच्या नक्षत्राचा आणि रक्तगटाचा काही संबंध नाही, आणि नवराबायकोचा रक्तगट एक असणं हा दोषच नाही. एकनाडीमुळे मूल होत नाही किंवा मुलाला आजार होतो, याला वैद्यकीय आधार नाही. मुलांच्या तब्येतीची काळजी असेल तर लग्नाआधी दोघांची थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करा. आपल्या जिल्ह्याच्या पेठ-सुरगाणा पट्ट्यासारख्या आदिवासी भागात मुळं असतील तर सिकलसेलची नक्कीच. मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं, त्यासाठी इंजेक्शन असतं. गुणमेलनात यातलं काहीही दिसत नाही.

## 4. मग भकूट

मुलाच्या राशीपासून मुलीची रास मोजा आणि मुलीच्या राशीपासून मुलाची. मोजताना सुरुवातीची रास 1 धरायची. इथे एक रास सोडून मोजायला लागलं की आठवी रास सातवी येते आणि षडाष्टकाचं समसप्तक होतं. दोन्ही आकड्यांची बेरीज 14 आली पाहिजे (रास एकच असेल तर 2). तशी नाही आली तर पुन्हा मोजा.

6 आणि 8 आले तर षडाष्टक, 2 आणि 12 आले तर द्विर्द्वादश, 5 आणि 9 आले तर नवपंचम. या तिन्हींना 7 पैकी शून्य मिळतो. बाकी सगळ्यांना पूर्ण 7.

तिन्हींना शून्य असला तरी तिन्हींचं वजन सारखं नाही. आपल्याकडे नवपंचमावरून स्थळ मोडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. द्विर्द्वादशाला लोक कुरकुरतात. घाबरतात ते षडाष्टकाला. पण षडाष्टकातही दोन जाती आहेत, आणि त्यांचा फरक माहीत नसल्याने चांगली स्थळं हातची जातात.

दोन्ही राशींचा स्वामी एकच असेल किंवा स्वामींचं जमत असेल तर ते प्रीतिषडाष्टक. मेष-वृश्चिक (दोन्ही मंगळाच्या), वृषभ-तूळ (दोन्ही शुक्राच्या), मिथुन-मकर, कर्क-धनु, सिंह-मीन आणि कन्या-कुंभ. उरलेल्या सहा जोड्यांना मृत्युषडाष्टक म्हणतात: मेष-कन्या, वृषभ-धनु, मिथुन-वृश्चिक, कर्क-कुंभ, सिंह-मकर, तूळ-मीन. नाव भयंकर आहे, पण ते जोडीचं वर्गनाव आहे, कुणाच्या आयुष्याचं भाकीत नाही. मुलीच्या आईसमोर तो शब्द उच्चारताना हे लक्षात ठेवा.

परिहाराची अट आता पाहा. मुहूर्तचिंतामणीत दुष्ट भकूट असताना दोन्ही राशींचा स्वामी एकच किंवा स्वामींची मैत्री असेल तर विवाह शुभ म्हटला आहे, पण नाडी आणि नक्षत्र शुद्ध असतील तर. म्हणून प्रीतिषडाष्टक असूनही एकनाड असेल, तर प्रीतीचा फायदा मिळत नाही. आधी नाडी, मग भकूट, हा क्रम या अटीमुळे आहे.

## 5. एक स्थळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मुलगा गंगापूर रोडचा, कर्क रास, पुष्य नक्षत्र. वेळ हॉस्पिटलच्या कागदावरची. मुलगी सिडकोतली, बायोडाट्यावर धनु रास, पूर्वाषाढा. दोन्ही घरांना स्थळ आवडलेलं.

बायोडाट्याप्रमाणे मांडलं तर पुष्य मध्य नाडी, पूर्वाषाढाही मध्य नाडी. राशी वेगळ्या, नक्षत्रं वेगळी, म्हणजे वरचा एकही अपवाद नाही. खरी एकनाड. कर्केपासून धनु सहावी, धनूपासून कर्क आठवी, म्हणजे षडाष्टक. ते प्रीतीचं आहे, पण नाडी शुद्ध नाही, म्हणून परिहार लागत नाही. नाडीचे 8 आणि भकूटाचे 7 असे 15 गुण गेले. त्यावर योनी, म्हणजे नक्षत्राला दिलेला प्राणी: पुष्याची मेंढा आणि पूर्वाषाढाची वानर, ही वैरयोनी, म्हणून तिथले 4 गेले. उरले जास्तीत जास्त 17. किमान 18 लागतात. पुढे बेरीजही करायची गरज नाही, स्थळ गेलं.

मुलाच्या वडिलांनी नकार कळवायचं ठरवलं होतं. मी मुलीची वेळ मागवली. रात्री सव्वाआठ, डिस्चार्ज कार्डावरची. त्या दिवशीच्या ओळीत पूर्वाषाढा होतं खरं, पण ते 18:50 ला संपत होतं. म्हणजे जन्म नक्षत्र बदलल्यावर 1 तास 25 मिनिटांनी. मुलगी उत्तराषाढाची, पहिल्या चरणातली. चरण साधारण 6 तासांचा, तो रात्री एकच्या सुमारास संपणार, म्हणून रास धनुच राहते. वेळ 10-15 मिनिटं इकडेतिकडे झाली तरी दोन्ही बाजूंना अंतर आहे.

आता उत्तराषाढा एकविसावं, 6 ने भागून बाकी 3, अंत्य नाडी. मुलाची मध्य. नाडी शुद्ध, 8 गुण परत आले. योनी मुंगूस झाली, मेंढ्याशी वैर नाही. षडाष्टक तसंच आहे, कारण रास बदलली नाही, आणि कोष्टकात भकूटाचे 7 गुण शून्यच दिसतील. पण आता नाडी शुद्ध आहे, चंद्र आणि गुरू यांच्यात शत्रुत्व नाही, म्हणून परिहार लागतो. गण देव आणि मनुष्य, त्याचीही अडचण नाही. स्थळ पुढे गेलं.

मुलीच्या आजोबांच्या वहीतून बायोडाट्यावर आलेल्या एका ओळीने हे स्थळ जवळजवळ मोडलं होतं. त्यांची चूक लहान होती. पंचांगात समोर जे छापलं होतं ते त्यांनी लिहिलं, शेजारची वेळ वाचली नाही.

कडक सूचना: वेळ शोधणं आणि वेळ बनवणं यांत फरक करा. "अर्धा तास पुढे धरा, नाडी सुटते" असं सांगणारे भेटतात, आणि ते ऐकून बनवलेली पत्रिका मुलीच्या हातात दिली जाते. कागदावर वेळ असेल तर तीच. नसेल तर दोन्ही शक्यता समोर ठेवायच्या. समोरच्या घराला हे उद्या कळलं तर नक्षत्राचा दोष राहील बाजूला, विश्वास तुटेल.

## 6. मग गंभीर कधी धरायचं

माझ्या हिशेबात दोनच ठिकाणी. राशी आणि नक्षत्रं दोन्ही वेगळी असताना आलेली एकनाड, किंवा अगदी एकाच चरणावरची एकनाड. आणि स्वामी शत्रू असलेलं षडाष्टक, त्यातही एकनाड सोबत असेल तर जास्त. तिथेसुद्धा मी थेट नाही म्हणत नाही, पूर्ण पत्रिका मागतो. गुणमेलन फक्त चंद्राचं असतं. संसारासाठी सप्तम स्थान, संततीसाठी पंचम स्थान, दोघांच्या दशा, हे सगळं त्या 36 मध्ये मोजलेलंच नाही. ते चांगलं असेल तर बरेच जाणकार पुढे जायला सांगतात. तेही कच्चं असेल आणि घरात या गोष्टींवर मनापासून श्रद्धा असेल, तर साखरपुड्याआधीच थांबलेलं बरं. नाहीतर पुढे घरात काहीही बिनसलं की नाव त्या नाडीचं येतं आणि बोल सुनेला बसतात.

मुलामुलीने एकमेकांना आधीच निवडलं असेल तर मी पत्रिका जुळवत नाही. मुहूर्त काढून देतो.

आणखी एक गोंधळ मिटवून ठेवा. एकनाड म्हणजे सगोत्र नव्हे. गोत्र, कुळ, देवक हे वेगळं पाहायचं असतं. नाडी वेगळी आहे म्हणून एक देवक चालत नाही आणि देवक वेगळं आहे म्हणून एकनाड सुटत नाही.

## 7. शांतीचं काय

नाडीदोषासाठी परंपरेत महामृत्युंजयाचा जप आणि दान सांगितलेलं आहे. ते दोष दिसल्यावर करायचं, आणि ऐपतीप्रमाणे. नाशिकला त्र्यंबकेश्वर जवळ असल्याने बाहेरगावचे पाहुणे विचारतात की एकनाड आहे तर नारायण नागबळी करून घेऊ का, कालसर्पाची शांत करू का. या विधींचा गुणमेलनातल्या नाडीशी संबंध नाही. नारायण नागबळी पितरांसाठी आणि नागहत्येच्या दोषासाठी असतो. कुणी दोन्ही एकत्र सांगून खर्चाचा आकडा मांडत असेल, तर आधी टप्पा 2 पासून पुन्हा मोजा. निम्म्या वेळा नक्षत्रच चुकलेलं निघतं.

आणि हे सगळं कांदेपोह्यांच्या आधी करा. मुलं एकदा भेटली, बोलली, एकमेकांना आवडली, की मग पंचांग उघडून "षडाष्टक आहे" म्हणणं त्या दोघांवर अन्याय आहे. फोनवर पहिल्याच बोलण्यात जन्मवेळ विचारा आणि वेळ कोणत्या कागदावरची आहे तेही विचारा. नाही कळवायचं असेल तर "पत्रिका जुळत नाही" एवढंच पुरे. कुणाच्या नक्षत्राला नावं ठेवायची नाहीत, कारण तेच नक्षत्र दुसऱ्या घरच्या मुलाशी 28 गुणांनी जुळतं.